सिंहगडाचं पान उघडा: दख्खनच्या इतिहासाचं पुस्तक पारखायचं कसं?

दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवतो.

पहिलं सगळ्यांना तोंडपाठ आहे: "गड आला, पण सिंह गेला."

दुसरं फार थोड्यांनी वाचलेलं असतं: "एक गड घेतला, परंतु एक गड गेला."

दोन्ही वाक्यं शिवाजी महाराजांच्या तोंडची म्हणून सांगितली जातात, दोन्ही तानाजी मालुसऱ्यांच्या मृत्यूवरची. पण पहिल्यात सिंह आहे आणि दुसऱ्यात नाही. दुसरं वाक्य सभासदाच्या बखरीत आहे आणि ती बखर 1697 ची, म्हणजे घटनेनंतर 27 वर्षांनी लिहिलेली. पहिल्या वाक्यातला सिंह त्यानंतर शंभराहून जास्त वर्षांनी छापील इतिहासात दिसतो.

इतिहासावरचा सिनेमा आला, मालिका सुरू झाली किंवा भाषणातल्या एखाद्या वाक्यावरून वाद पेटला, की घराघरात एकच प्रश्न निघतो: हे खरंच असं घडलं का? मग कुणीतरी म्हणतं, "पुस्तकात आहे." पुस्तकात असतंच. पण कुठल्या पुस्तकात, आणि त्या पुस्तकाने ते कुठून घेतलं? दख्खनच्या मध्ययुगावर मराठीत आणि इंग्रजीत कपाटंच्या कपाटं भरतील इतकं लिहिलं गेलंय. त्यातल्या कुठल्या पुस्तकाने पुरावा आणि आख्यायिका वेगळ्या ठेवल्यात, हे सामान्य वाचकाने ओळखायचं कसं, एवढाच या लेखाचा विषय आहे. त्यासाठी एकच प्रसंग घेऊ, सिंहगडाचा. तो सगळ्यांना माहीत आहे, म्हणूनच पारखायला सोयीचा.

## आधी तीन शब्द

पुढे तीन शब्द वारंवार येतील, त्यांचा अर्थ आत्ताच सांगून टाकतो.

समकालीन कागद म्हणजे घटना घडत असताना किंवा लगेच नंतर, कामासाठी लिहिलेला कागद. पत्र, हुकूम, करार, हिशेब. लिहिणाऱ्याच्या मनात इतिहास नसतो, त्याला काम उरकायचं असतं. वाण्याच्या वहीत "दोन शेर गूळ, उधार" असं लिहिलेलं असतं, त्याच जातीचा हा पुरावा. तो रुक्ष असतो, पण उगाच नटलेला नसतो.

शकावली म्हणजे वर्ष आणि तिथीनुसार केलेल्या त्रोटक नोंदी. अमक्या शकात, अमक्या तिथीला अमुक झालं. पुढे वर्णन नाही.

बखर म्हणजे नंतर, बहुधा कुणाच्या तरी सांगण्यावरून, गद्यात लिहिलेली हकीकत. तीत संवाद असतात, भावना असतात, आकडे ढोबळ असतात. घरातल्या आजोबांनी सांगितलेल्या जुन्या गोष्टीसारखी ती असते: घटना खरी, क्रम बहुतेक बरोबर, पण कोण काय बोललं ते आजोबांच्या शब्दांत. आणि आजोबा स्वतः तिथे हजर होते की त्यांनीही ऐकलेलंच सांगितलं, यावर बराच फरक पडतो.

पोवाडा वेगळा सांगायला नको. तो ऐकणाऱ्यांना उभं करण्यासाठी असतो, आणि ते काम तो चोख करतो.

## सिंहगडाची साक्ष, एकेका कागदाने

आता साक्षीदार एकेक करून बोलवू. घटनेच्या जवळचा आधी, लांबचा नंतर.

जून 1665 मध्ये पुरंदरचा तह झाला. मिर्झा राजा जयसिंगाशी झालेल्या या तहात महाराजांना 23 किल्ले मोगलांना द्यावे लागले, 12 त्यांच्याकडे राहिले. दिलेल्या 23 किल्ल्यांमध्ये कोंडाणा होता. म्हणजे हा किल्ला परत का घ्यावा लागला, याचं उत्तर सरळ तहाच्या यादीत आहे. त्यासाठी वेगळी गोष्ट लागत नाही.

त्याआधीचा एक कागद मात्र सगळ्यात मजेदार आहे. 3 एप्रिल 1663 चं महाराजांचं पत्र आहे, मोरोपंत आणि निळोपंत यांना लिहिलेलं. किल्ल्यावर फितवा झाल्याची खबर आहे, तिकडे लक्ष घाला, अशा अर्थाचं. शाहिस्तेखानावरचा छापा 5 एप्रिलचा, म्हणजे हे पत्र त्याच्या दोनच दिवस आधीचं. घाई, संशय, बंदोबस्त, सगळं त्या तारखेतच दिसतं. आणि या पत्रात किल्ल्याचं नाव आहे सिंहगड.

तानाजी पडले 1670 मध्ये. पत्र 1663 चं आहे. म्हणजे तानाजींच्या मरणानंतर कोंडाण्याचं नाव बदलून सिंहगड ठेवलं, ही गोष्ट एका तारखेनेच बाद होते. नाव आधीपासून वापरात होतं. कोंडाणा हे जुनं नावही त्याच काळात लोकांच्या तोंडी होतं. एकाच जागेला दोन नावं चालणं आपल्याला काही नवीन नाही, शहराचं नाव बदलून वर्षं उलटली तरी म्हातारी माणसं जुनंच नाव घेतात.

तिसरा साक्षीदार जेधे शकावली. ही कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यातली, आणि ती लोकमान्य टिळकांनी उजेडात आणली. तिच्यामुळे किल्ला घेतल्याची तिथी मिळते: शके 1591, माघ वद्य नवमी. शकाचं इसवी सन करताना साधारण 78 मिळवतात, पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तिथींना 79 मिळवावे लागतात. माघ त्यातच येतो. 1591 अधिक 79, झालं 1670. तारीख येते 4 फेब्रुवारी. (ही त्या वेळी इंग्रज वापरत होते त्या जुन्या कालगणनेची तारीख. आजच्या कॅलेंडरने मोजली तर दहा दिवस पुढे जाते. दोन पुस्तकांत दहा दिवसांचा फरक दिसला तर कुणीतरी चुकलंय असं लगेच धरू नका.)

तिथीचा आणखी एक फायदा असतो, तो इंग्रजी तारखेत हरवतो. वद्य नवमीचा चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो. म्हणजे त्या रात्रीचा पहिला अर्धा भाग काळोखाचा होता. कडा चढून जायचं असेल तर हीच वेळ कुणीही निवडेल.

चौथा साक्षीदार कृष्णाजी अनंत सभासद. हा महाराजांच्या दरबारातला माणूस. राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून त्याने जिंजीला बखर लिहिली. त्याची हकीकत थोडक्यात अशी: तानाजी मालुसरा हा मावळ्यांचा हजारी. तो म्हणाला, कोंडाणा आपण घेतो. पाचशे माणूस घेऊन गडाखाली गेला. दोन मर्दाने मावळे निवडून रात्री कड्यावर चढवले. वानर जातात तसे ते चढले. त्यांनी वरून माळ, म्हणजे दोराची शिडी, लावली, आणि तानाजीसकट तीनशे माणूस वर गेलं. किल्लेदार उदेभान रजपूत. दोघांची गाठ पडली. तानाजीच्या डाव्या हातची ढाल तुटली आणि, सभासदाच्या शब्दांत, "दुसरी ढाल समयास आली नाही." मग डाव्या हाताचीच ढाल करून तो लढला. दोघेही ठार झाले. तानाजीचा भाऊ सूर्याजी याने लोक सावरून लढाई पुरी केली. गडावरच्या पागेला आग लावली, तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला आणि गड फत्ते झाल्याचं ओळखलं. तानाजी गेल्याची बातमी जासुदाने दुसऱ्या दिवशी आणली. त्यावर महाराजांचं ते वाक्य: "एक गड घेतला, परंतु एक गड गेला."

आता यात काय नाही ते पाहा. घोरपड नाही. रायबाचं लग्न नाही. सोंगट्यांचा डाव नाही. शेलारमामा नाही. आणि सिंह नाही.

या सगळ्यांपैकी बरंच काही पोवाड्यात आहे.

## पोवाडा स्वतःच काय सांगून जातो

तुळशीदास शाहिराचा तानाजीचा पोवाडा 1891 मध्ये ॲकवर्थ आणि शाळिग्राम यांच्या संग्रहात छापला गेला. जिजाबाईंनी प्रतापगडावरून गड पाहिला, महाराजांना बोलावून घेतलं, सोंगट्या खेळल्या, डाव जिंकून किल्ला मागितला, तानाजी मुलाच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन आलेला, घोरपड कड्यावर चढवली, हे सगळं तिथून आपल्यापर्यंत आलं. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात कागदाच्या लगद्याची घोरपड होती. ती दर वेळी भिंतीवरून घसरायची आणि प्रेक्षक तानाजीपेक्षा तिलाच टाळ्या द्यायचे.

हा पोवाडा त्याच दिवसांतला आहे असं कुणी म्हटलं, तर पुस्तकाने काय करायला हवं? पोवाडा नीट वाचायला हवा. "राजगड राजाचा, प्रतापगड जिजाबाईचा" अशी त्याची सुरुवात आहे, आणि लगेच पुढे सिंहगड आणि पन्हाळा मोगलाचे असल्याचं तो सांगतो. 1670 मध्ये पन्हाळा मोगलांकडे नव्हता, विजापूरच्या आदिलशाहीकडे होता. तो महाराजांनी 1673 मध्ये घेतला. 1670 च्या सुमारास पुण्या-साताऱ्याकडच्या माणसाने अशी चूक करणं अवघड होतं. ज्याच्या लेखी शत्रू म्हटला की मोगलच, अशा नंतरच्या काळात ती सहज होते.

आणि आणखी एक. किल्ला अजून मोगलाकडे आहे, तानाजी जिवंत आहे, आणि पोवाडा त्या किल्ल्याला सिंहगडच म्हणतो! तानाजीमुळे नाव पडल्याची आख्यायिका खुद्द पोवाड्याच्या पहिल्या ओळींशी जुळत नाही.

हे लिहिताना शाहिराची चेष्टा करायचा हेतू नाही. त्याने तारखा जुळवायचं काम अंगावर घेतलंच नव्हतं. ती जबाबदारी पुस्तक लिहिणाऱ्याची.

## सिंह आला कुठून?

ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास 1826 मध्ये इंग्रजीत छापला गेला. त्यात महाराजांच्या तोंडी जे वाक्य आहे त्याचा अर्थ असा: गुहा हाती आली पण सिंह मारला गेला, गड मिळाला पण तानाजी मालुसरा गमावला. नीट पाहिलं तर हे दोन वाक्यांचं जोडकाम आहे. उत्तरार्ध सभासदाच्या जवळचा आहे, पूर्वार्धात सिंह शिरलाय. पुढे हरि नारायण आपट्यांनी आपल्या कादंबरीला नावच दिलं "गड आला पण सिंह गेला", आणि मग ते वाक्य पक्कं झालं. पाठ्यपुस्तक, नाटक, गडावरचा मार्गदर्शक, सगळ्यांच्या तोंडी तेच.

सिंहगड नावातला सिंह आणि मेलेला वीर यांची सांगड इतकी सुबक बसते, की तिच्यावर शंका घ्यावीशी वाटत नाही. यदुनाथ सरकारांसारख्या फारसी, इंग्रजी, मराठी साधनं चाळणाऱ्या इतिहासकारानेही आपल्या शिवचरित्रात, गड घेणाऱ्या सिंहाच्या काळजाच्या वीरावरून नाव सिंहगड ठेवलं, असं लिहून टाकलं. त्यांच्या पुस्तकाची पहिली आवृत्ती 1919 ची. म्हणून इतिहासाच्या पुस्तकालाही तारीख असते हे लक्षात ठेवायचं. मोठ्या नावाचं जुनं पुस्तक आणि कमी नावाचं नवं पुस्तक यांत एखाद्या मुद्द्यावर नवं बरोबर असू शकतं, कारण मधल्या काळात एखादा कागद समोर आलेला असतो.

## दुकानात उभं राहून करायची परीक्षा

पुस्तक हातात घेतलं की सूचीत सिंहगड किंवा तानाजी शोधा आणि ते पान उघडा. सूचीच नसेल तर तीही एक खूणच आहे. पाच मिनिटांत चार गोष्टी दिसतात.

सगळ्यात आधी क्रियापदं पाहा. "महाराज म्हणाले" आणि "सभासद म्हणतो की महाराज म्हणाले" यांत सगळा फरक आहे. पुरावा सांभाळणारा लेखक साक्षीदाराचं नाव गाळत नाही. संवाद अवतरणचिन्हांत आहेत, पाऊस पडतोय, घोडे फुरफुरताहेत आणि तळटीप एकही नाही, तर ती ऐतिहासिक कादंबरी आहे, मुखपृष्ठावर काहीही छापलेलं असो. कादंबरी म्हणून ती उत्तमही असेल.

मग नावाचा प्रश्न. 1663 च्या पत्राचा उल्लेख आहे का? तानाजीनंतर नाव बदललं असं बिनधास्त लिहिलं असेल, तर लेखकाने आधीच्या पुस्तकांवरून उतरवलंय, कागद पाहिलेला नाही.

मग तळटीप. नुसतं "बखरींवरून" किंवा "जुन्या कागदपत्रांत आढळते" ही तळटीप नव्हे. कुठली बखर, कुठल्या संग्रहातला कितवा लेखांक, हे हवं. मराठीत त्याची सोय उत्तम आहे. राजवाड्यांनी 1898 पासून "मराठ्यांच्या इतिहासाची साधने" छापायला सुरुवात केली, त्याचे 22 खंड झाले. भारत इतिहास संशोधक मंडळाने कागदांचे खंडामागून खंड काढले. त्यांत प्रत्येक कागदाला क्रमांक आहे. तळटिपेत तो क्रमांक असेल तर तुम्ही ग्रंथालयात जाऊन मूळ मजकूर काढू शकता. लेखक तुम्हाला आपली चूक पकडायची संधी देतोय, असा त्याचा अर्थ.

चौथी गोष्ट थोडी मुरल्यावर कळते. जिथे साक्षी जुळत नाहीत तिथे लेखक काय करतो? गुळगुळीत करून एकच गोष्ट सांगतो, की दोन्ही बाजू मांडून आपला कल सांगतो? गजानन मेहेंदळ्यांचं "श्री राजा शिवछत्रपती" वाचताना नवख्या वाचकाला धाप लागते, कारण काही पानांवर मजकूर थोडा आणि टिपा भरपूर. पण एका टिपेत एखादं साधन विश्वसनीय का, दुसरं का नाही, याची खुली चर्चा सापडते. पहिल्या वाचनात टिपा सोडून द्या, काही बिघडत नाही. जिथे शंका येईल तिथेच खाली बघा.

## "पण कागद नाही म्हणजे घडलंच नाही का?"

हा आक्षेप हमखास येतो, आणि त्यात तथ्य आहे. त्या काळातले असंख्य कागद जळाले, वाळवीने खाल्ले, रद्दीत गेले. एखादी गोष्ट कागदात नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही.

पण इथे दोन वेगळे प्रकार आहेत आणि ते एका गाठोड्यात बांधू नयेत. रायबाच्या लग्नाचं घ्या. तानाजींना मुलगा होता, त्याचं लग्न ठरलं होतं, यात अशक्य काही नाही. जवळच्या साक्षीदाराने ते सांगितलेलं नाही, इतकंच. असल्या गोष्टीपुढे चांगलं पुस्तक "परंपरा अशी सांगते" असं लिहितं आणि पुढे जातं. नाव बदलल्याच्या गोष्टीचं तसं नाही. तिच्याविरुद्ध तारीखवार कागद आहे. तिला "परंपरा" म्हणून सौम्य करणंही बरोबर नाही, ती चूक म्हणूनच लिहायला हवी.

पुरावा नसलेलं आणि पुराव्याने खोडलेलं, या दोन खणांत फरक न करणारी पुस्तकं दोन्ही टोकांना सापडतात. एका टोकाला सगळं खरं मानणारी, दुसऱ्या टोकाला सगळं थोतांड ठरवून मोकळी होणारी. मला तरी दुसरा प्रकारही तितकाच आळशी वाटतो.

## "सभासदही नंतरचाच, मग त्याच्यावर विश्वास का?"

बरोबर. 27 वर्षं म्हणजे थोडा काळ नव्हे. आणि तो राजघराण्याच्या नोकरीत होता, तेव्हा राजाच्या तोंडी लहान शब्द घालणार नाही. म्हणून सभासदाचं सगळं सारख्या वजनाने घ्यायचं नसतं. त्याची हकीकत तीन थरांत वाचावी लागते.

किल्ला कुणी घेतला, कोण पडलं, किल्लेदार कोण, हा पहिला थर. हे त्याच्या काळात हयात असलेल्या शेकडो माणसांना माहीत होतं, त्यात खोटं लिहून निभावलं नसतं. रात्रीची चढाई, आधी दोन माणसं, मग माळ, पागेची आग, हा दुसरा थर. हे लढाईच्या रीतीला धरून आहे, माघ वद्य नवमीच्या काळोखाशी जुळतं, आणि राजगडावरून सिंहगड दिसतोही. तिसरा थर आकडे आणि संवाद. पाचशे, तीनशे हे गोल आकडे आहेत, आणि महाराजांचं वाक्य हे सभासदाला आठवलेलं, किंवा दरबारात सांगितलं जाणारं वाक्य आहे. ते जसंच्या तसं उच्चारलं गेलं असं शपथेवर सांगता येणार नाही. पण सिंहाच्या वाक्यापेक्षा ते घटनेच्या सव्वाशेहून जास्त वर्षं जवळचं आहे.

चांगलं पुस्तक हे थर दाखवतं. नेहमी असं फोडून लिहिणार नाही, पण पहिल्या थराबद्दल ठामपणे आणि तिसऱ्याबद्दल जपून बोललेलं जाणवेल.

## "कागदही खोटे असतातच की"

असतात, आणि दख्खनच्या इतिहासात भरपूर आहेत. वतनाच्या भांडणात जुना हुकूम दाखवला की पाटीलकी, देशमुखी टिकत होती. मग जुना हुकूम नसला तर तो तयार व्हायचा. खोटा कागद पकडायची रीत साधी आहे, पण कष्टाची. तिथी, वार आणि वर्ष जुळतात का? पत्राचा मायना त्या काळातल्या त्या कचेरीच्या रीतीचा आहे का? ज्याच्या नावाने शिक्का आहे तो त्या तारखेला त्या पदावर होता का? अक्षराचं वळण आणि शब्द त्या काळचे आहेत का? शिवकाळातल्या मराठी पत्रात फारसी शब्द ठासून भरलेले असतात. एखादं पत्र आजच्या निबंधासारखं शुद्ध वाचता येऊ लागलं, तर शंका घ्यायची.

मूळ कागद आहे की नंतरची नक्कल, हेही पुस्तकाने सांगायला हवं. नक्कल म्हणजे खोटी नव्हे, पण नकलकाराच्या हातून नाव आणि आकडा बदलतो.

## शिवकाळाच्या मागे गेलात तर

सिंहगडाची परीक्षा मराठ्यांच्या इतिहासाला चालते. बहमनी काळावरचं पुस्तक असेल तर त्याच जागी हसन गंगूचं पान उघडायचं.

गोष्ट अशी: दिल्लीत गंगू नावाच्या ब्राह्मण ज्योतिषाकडे हसन नावाचा गरीब नोकर होता. शेत नांगरताना त्याला सोन्याच्या मोहरा सापडल्या, त्या त्याने प्रामाणिकपणे मालकाला नेऊन दिल्या. मालकाने कुंडली मांडून तू राजा होशील असं सांगितलं, आणि राजा झालास तर माझं नाव लाव, असं मागितलं. म्हणून हसन गंगू बहमनी, आणि बहमनी म्हणजे ब्राह्मणी. ही गोष्ट फारसीत लिहिणाऱ्या फिरिश्ता या इतिहासकाराने विजापुरात लिहिली, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला. बहमनी राज्य स्थापन झालं 1347 मध्ये दौलताबादेत. मध्ये अडीचशेहून जास्त वर्षं गेली होती.

त्या काळचा साक्षीदार आहे इसामी. त्याने दख्खनमध्ये राहून 1350 मध्ये फारसी महाकाव्य पुरं केलं, खुद्द या पहिल्या सुलतानाच्या आश्रयाने. तो स्तुती भरपूर करतो, पण ब्राह्मण मालकाची गोष्ट सांगत नाही. सुलतानाच्या नाण्यावर नाव आहे "बहमन शाह", त्यात गंगू नाही. बहमन हा इराणी पुराणकथांमधला राजा, इस्फंदियारचा मुलगा, आणि फारसी दरबारात वाढलेल्या कुणालाही ते नाव शाहनाम्यातून ओळखीचं. नव्या राजाने जुन्या नामांकित राजाचं नाव घ्यावं यात नवल नाही. अर्थात नाव घेतलं म्हणजे तो खरोखर त्या वंशातला होता असं नाही, ती वंशावळ खुद्द फिरिश्त्यालाही भाटगिरी वाटत होती. म्हणजे इथे दोन आख्यायिका आहेत, एक गरीब नोकराची आणि एक इराणी राजवंशाची. पहिली खोडून दुसरीवर विसावणारं पुस्तक अर्ध्या वाटेतच थांबलेलं असतं.

बहमनी काळात मराठी कागद जवळजवळ हाती लागत नाहीत. तिथे नाणी, शिलालेख आणि फारसी तवारिखा यांच्यावरच भिस्त असते, म्हणून त्या काळावरच्या पुस्तकात नाण्याचं छायाचित्र आणि शिलालेखाचं वाचन कुठे आहे ते आधी पाहावं.

## आणि घोरपड?

घोरपडीचं मूळ शोधणारा वाचक याच बहमनी काळात येऊन पोचतो. मुधोळच्या घोरपडे घराण्याच्या परंपरेत अशीच हकीकत आहे: पंधराव्या शतकात बहमनी वजीर महमूद गावानाच्या कोकणातल्या मोहिमेत खेळणा किल्ल्याच्या, म्हणजे आजच्या विशाळगडाच्या, कड्यावर घोरपडीला दोर बांधून माणसं चढली, आणि त्यावरून घराण्याला नाव मिळालं. घराण्याच्या कागदांवर इतिहासकारांचे वाद झालेले आहेत, त्यात इथे शिरत नाही. पण तानाजीच्या दोनशे वर्षं आधीच्या काळाला जोडलेली, दुसऱ्या किल्ल्यावरची, दुसऱ्या वीराची हीच घोरपड पाहिली, की ती कड्याकड्यावरून चढत आलेली आहे हे कळतं. अवघड कडा रात्रीत सर झाला, की ऐकणारा विचारतो, कसा? आणि सांगणाऱ्याच्या हाताशी घोरपड तयार असते.

सभासदाच्या हाताशी ती नव्हती, किंवा असली तरी त्याने वापरली नाही. त्याने लिहिलं, दोन मावळे, वानरासारखे. त्या दोघांची नावं मात्र त्याने दिलेली नाहीत.